प्रोसेसरचा रिकामा वेळ आणि तो भरण्याच्या तीन तऱ्हा

सी भाषेतला हा अगदी साधा कोड पाहा. लिंक्ड लिस्टमधल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करणारा.

```c
while (p) {
    sum += p->val;
    p = p->next;
}
```

एका फेरीत प्रोसेसरला जेमतेम पाचेक इन्स्ट्रक्शन कराव्या लागतात. किंमत वाचायची, मिळवायची, पुढच्या नोडचा पत्ता वाचायचा, तो शून्य आहे का बघायचे आणि परत वर जायचे. पण लिस्ट मोठी असेल, तिचे नोड मेमरीत अस्ताव्यस्त पसरलेले असतील, तर जवळजवळ प्रत्येक नोड थेट मुख्य मेमरीतून आणावा लागतो. त्याला साधारण 80 नॅनोसेकंद लागतात असे धरू. 3 गिगाहर्ट्झच्या कोअरसाठी ते 240 सायकल झाले. हा कोअर एका सायकलला चार इन्स्ट्रक्शन सोडू शकत असेल, तर एका फेरीत 960 जागा उपलब्ध होतात आणि त्यांतल्या पाच भरतात. अर्धा टक्का! गंमत म्हणजे या काळात टास्क मॅनेजर मात्र तो कोअर शंभर टक्के कामात असल्याचे दाखवतो, कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी मेमरीची वाट पाहत थांबलेला प्रोग्रामही ‘चालू’च असतो.

आजचे प्रोसेसर इन्स्ट्रक्शनचा क्रम बदलून मधल्या वेळात पुढचे काम उरकून घेतात, हे खरे. पण इथे पुढचे काम असे काही नाहीच. पुढच्या नोडचा पत्ता या नोडच्या पोटात आहे, आणि हा नोड अजून पोचायचा आहे. एकाच थ्रेडमध्ये कितीही शोधले तरी हाताला काही लागत नाही. मग दुसरा थ्रेड घ्यायचा. तो ऑपरेटिंग सिस्टिमने बदलून द्यायचा म्हटले तर रजिस्टर जतन करणे, शेड्युलर चालवणे या सगळ्यात हजारो सायकल जातात, आणि 240 सायकलच्या खड्ड्यासाठी तो सौदा आतबट्ट्याचा आहे. म्हणून दुसऱ्या थ्रेडची रजिस्टर आणि त्याचा प्रोग्राम काउंटर कोअरच्या आतच तयार ठेवायचा, म्हणजे हार्डवेअर स्वतःच एकावरून दुसऱ्यावर जाईल. यालाच हार्डवेअर मल्टिथ्रेडिंग म्हणतात.

इथपर्यंत सगळ्यांचे एकमत आहे. वाद आहे तो दुसऱ्या थ्रेडकडे वळायचे कधी, यावर. फक्त मोठा खोळंबा झाला तरच वळायचे, हे कोर्स-ग्रेन्ड मल्टिथ्रेडिंग. दर सायकलला वळायचे, हे फाइन-ग्रेन्ड. आणि वळायचेच नाही, एकाच सायकलमध्ये दोघांच्याही इन्स्ट्रक्शन मिसळून सोडायच्या, हे सायमल्टेनियस, म्हणजेच एसएमटी. इंटेलच्या ‘हायपर-थ्रेडिंग’मुळे हे तिसरे रूप घरोघरी पोचले.

तिघांपैकी चांगले कोणते, असा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. खोळंबा किती लांबीचा आहे आणि त्याचा आकार कसा आहे, यावर उत्तर ठरते.

लांबीचा अंदाज यावा म्हणून एक सायकल म्हणजे एक सेकंद समजू. एल-वन कॅशमध्ये सापडलेली गोष्ट चार-पाच सेकंदांत हाती येते. दोन अपूर्णांकी संख्यांच्या बेरजेलाही तेवढाच वेळ लागतो. एल-टू कॅशला चौदाएक सेकंद, एल-थ्रीला पाऊण मिनिट. मुख्य मेमरीपर्यंत जायचे तर चार मिनिटे.

आकाराची गोष्ट जरा वेगळी आहे. चार इन्स्ट्रक्शन सोडू शकणाऱ्या कोअरचे काम वहीच्या पानासारखे मांडले, दर सायकलला एक ओळ आणि ओळीत चार रकाने, तर वाया गेलेल्या जागा दोन तऱ्हेच्या दिसतात. काही ओळी पूर्ण कोऱ्या असतात, म्हणजे त्या सायकलमध्ये काहीच सुटले नाही. काही ओळींत एखाद-दुसरा रकाना भरलेला आणि बाकीचे रिकामे असतात. पहिल्या प्रकाराला उभी नासाडी आणि दुसऱ्याला आडवी नासाडी म्हणतात. ही विभागणी गाजली ती वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डीन टल्सन, सुझन एगर्स आणि हेन्री लेव्ही यांच्या 1995च्या शोधनिबंधामुळे. एका सायकलला आठ इन्स्ट्रक्शन सोडणाऱ्या प्रोसेसरचे त्यांनी सिम्युलेशन केले, तेव्हा आठांपैकी सरासरी दीडच जागा भरते असे दिसले. वाया गेलेल्या जागांपैकी 61 टक्के उभ्या नासाडीतल्या होत्या, 39 टक्के आडव्या. म्हणजे कोऱ्या ओळी सगळ्या भरून काढल्या तरी आडवी नासाडी उरणारच होती.

आता एकेक तऱ्हा पाहू.

कोर्स-ग्रेन्डचे स्वच्छ उदाहरण म्हणजे इंटेलचा 2006चा ‘माँटेसिटो’ हा आयटेनियम प्रोसेसर. प्रत्येक कोअरमध्ये दोन थ्रेडची रजिस्टर होती, पण एका वेळी चालायचा एकच. एल-थ्री कॅशमध्येही गोष्ट सापडली नाही, म्हणजे आता थेट मेमरीपर्यंत जायचे, असे कळले की पाइपलाइनमधले अर्धवट काम टाकून दुसऱ्या थ्रेडचे काम आत घेतले जाई. या अदलाबदलीला साधारण 15 सायकल लागत. या एका आकड्यातच सगळे गणित आहे. 240 सायकलच्या खोळंब्यासाठी 15 सायकल मोजणे फायद्याचेच. पण 14 सायकलच्या एल-टू खोळंब्यासाठी 15 मोजायचे, तर त्यापेक्षा गप्प थांबलेले बरे. म्हणूनच माँटेसिटो छोट्या खोळंब्यांकडे बघतच नसे.

या पद्धतीची दुसरी बाजू मात्र चांगली आहे. खोळंबा नसेल तेव्हा चालणाऱ्या थ्रेडला संपूर्ण कोअर मिळतो आणि त्याच्या वेगाला धक्का लागत नाही. एखादा थ्रेड कधी अडकलाच नाही, तर दुसऱ्याने किती वेळ ताटकळायचे? त्यासाठी माँटेसिटोत वेळेची मर्यादा ठेवली होती. ती संपली की अडकलेला नसला तरी चालता थ्रेड बाजूला होई. एमआयटीच्या अलेवाइफ या प्रायोगिक यंत्रातला ‘स्पार्कल’ प्रोसेसर 1990च्या दशकाच्या सुरुवातीला हेच करत होता आणि तिथे अदलाबदलीला 14 सायकल लागत. नव्वदच्या दशकापासून 2006पर्यंत हा खर्च फारसा हलला नाही.

फाइन-ग्रेन्डमध्ये हा खर्चच उरत नाही. दर सायकलला वेगळ्या थ्रेडची इन्स्ट्रक्शन घ्यायची असे आधीच ठरले, तर पाइपलाइनमध्ये एका मागोमाग एक वेगवेगळ्या थ्रेडचे काम सरकत असते आणि रिकामे करण्यासारखे काही नसते. कल्पना जुनी आहे. सेमूर क्रे यांच्या 1964च्या सीडीसी 6600मध्ये इनपुट-आउटपुट सांभाळणारे दहा छोटे प्रोसेसर होते, पण प्रत्यक्षात गणित करणारे हार्डवेअर एकच. दहाही जणांना ते पाळीपाळीने मिळे.

ही कल्पना टोकाला नेली बर्टन स्मिथ यांनी. त्यांच्या टेरा कंपनीच्या एमटीए या यंत्रात डेटासाठी कॅशच नव्हती. प्रत्येक प्रोसेसरमध्ये 128 थ्रेडची सोय होती, मेमरीची वाट सगळ्यांनी बघावी पण सगळ्यांनी एकदम नाही, असा हिशेब. वरच्या लिंक्ड लिस्टचे गणित इथे कामाला येते. एका फेरीत पाच इन्स्ट्रक्शन आणि 240 सायकलचा थांबा असेल, तर दर सायकलला एक इन्स्ट्रक्शन सुटत राहावी यासाठी 240 भागिले 5, म्हणजे 48 आणि वर एखादा थ्रेड लागेल. दोन किंवा चार थ्रेड इथे समुद्रात खसखस. 128 हा आकडा म्हणूनच वेडेपणाचा नव्हता. किंमत मात्र जबर होती. एका थ्रेडच्या लागोपाठच्या दोन इन्स्ट्रक्शनमध्ये किमान 21 सायकलचे अंतर राही, त्यामुळे एकच थ्रेड चालवला तर प्रोसेसरचा एकविसावा हिस्साच हाती येई. ज्यांच्याकडे शेकडो थ्रेडमध्ये वाटता येईल असे काम होते त्यांनाच हे यंत्र उपयोगी, आणि असे गिऱ्हाईक थोडे. (टेराने पुढे 2000 साली क्रे कंपनी विकत घेऊन तिचेच नाव लावले.)

बाजारात खपलेला फाइन-ग्रेन्ड प्रोसेसर म्हणजे सन कंपनीचा अल्ट्रास्पार्क टी-वन, टोपणनाव नायगरा, साल 2005. आठ कोअर, प्रत्येकात चार थ्रेड. कोअर मुद्दामच साधा ठेवलेला होता, सहा टप्प्यांची पाइपलाइन आणि एका सायकलला एकच इन्स्ट्रक्शन. ओळीत रकाना एकच असल्यामुळे आडव्या नासाडीचा प्रश्नच येत नाही. चार थ्रेडपैकी जे तयार आहेत त्यांतला सर्वांत जास्त वेळ मागे राहिलेला थ्रेड दर सायकलला निवडायचा. मेमरीत अडकलेला थ्रेड आपोआप रांगेबाहेर जातो आणि उरलेल्या तिघांना त्याची पाळी मिळते. ब्रँच किंवा कॅशमधून वाचन अशा दोन-तीन सायकलच्या किरकोळ थांब्यांतही बाकीच्यांच्या इन्स्ट्रक्शन निघून जातात. हे कोर्स-ग्रेन्डला कधीच जमत नाही.

चार थ्रेड पुरले का? टीपीसी-सी या डेटाबेस चाचणीत नायगरावर एका थ्रेडची एक इन्स्ट्रक्शन पूर्ण व्हायला सरासरी 7.2 सायकल लागत. चार थ्रेड मिळून कोअरला एका इन्स्ट्रक्शनमागे 1.8 सायकल पडत. आदर्श आकडा 1 आहे. म्हणजे चारही थ्रेड राबत असूनही साधारण 44 टक्के ओळी कोऱ्याच राहत, कारण अनेकदा चौघेही एकाच वेळी कशाची ना कशाची वाट पाहत असत. तरीही साध्या कोअरसाठी हे वाईट नव्हते. आठ कोअर मिळून सायकलला साडेचारच्या आसपास इन्स्ट्रक्शन पडत. वेब सर्व्हर आणि डेटाबेससाठी ठीक, एकट्यादुकट्या जड कामासाठी मात्र नायगरा संथ. अपूर्णांकी गणिताचे तर एकच एकक आठही कोअरमध्ये वाटलेले होते.

फाइन-ग्रेन्ड आज खऱ्या अर्थाने जगते ते ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये. एनव्हिडियाच्या ए-100मध्ये प्रत्येक एसएमवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक गटावर, 64 वॉर्पची रजिस्टर कायम हजर असतात आणि एका वॉर्पमध्ये 32 थ्रेड. चार शेड्युलर दर सायकलला तयार वॉर्प उचलतात. टेराला जे गिऱ्हाईक मिळाले नाही ते इथे चित्रातल्या लाखो पिक्सेलच्या रूपाने आयते मिळाले.

आता एसएमटी. क्रम बदलून काम करणाऱ्या मोठ्या कोअरमध्ये चार-सहा-आठ रकान्यांची ओळ असते आणि एका थ्रेडमध्ये इतकी परस्परांपासून स्वतंत्र कामे क्वचितच सापडतात. फाइन-ग्रेन्ड पद्धतीत एक ओळ एकाच थ्रेडच्या मालकीची, त्यामुळे त्याने दोन रकाने भरले की बाकीचे रिकामेच. एसएमटी ही मालकी काढून टाकते. कोअर आधीच दर इन्स्ट्रक्शनची रजिस्टर बदलून तिला अंतर्गत क्रमांक देत असतो. दोन थ्रेडना वेगवेगळे क्रमांक मिळाले की पुढच्या रांगेला कोणती इन्स्ट्रक्शन कोणाची याच्याशी देणेघेणे राहत नाही. जिची सामग्री तयार ती सुटली. म्हणूनच ही भर स्वस्तात पडते. इंटेलने 2002मध्ये झिऑनमध्ये हायपर-थ्रेडिंग आणले तेव्हा चिपच्या आकारात पाच टक्क्यांहून कमी वाढ झाल्याचे आणि सर्व्हरच्या कामांत 30 टक्क्यांपर्यंत लाभ झाल्याचे सांगितले होते.

एसएमटी छोटे खोळंबे कसे भरते हे दुसऱ्या एका बेरजेवर स्पष्ट दिसते. कॅशमध्ये पूर्ण मावणाऱ्या अॅरेतल्या अपूर्णांकी संख्या एकाच `sum`मध्ये मिळवत जायच्या. मेमरीचा खोळंबा शून्य. पण प्रत्येक बेरीज आधीच्या बेरजेच्या उत्तरासाठी चार सायकल थांबते, आणि बेरीज करणारे एकक मधल्या तीन सायकल मोकळे. कोर्स-ग्रेन्डला हा खोळंबा दिसतसुद्धा नाही. एसएमटीवर दुसरा थ्रेड हीच बेरीज वेगळ्या अॅरेवर करत असेल, तर तो पहिल्याच्या मोकळ्या सायकलमध्ये जाऊन बसतो आणि एकूण काम दुपटीच्या जवळ जाते. लिंक्ड लिस्ट एल-टू कॅशमध्ये मावत असेल तेव्हाही असेच होते.

मुख्य मेमरीत पसरलेल्या लिस्टवर मात्र एसएमटीचा थाट उतरतो. दोन थ्रेड असतील तर दोन खोळंबे एकमेकांवर पडतात आणि काम जास्तीत जास्त दुप्पट होते. दोन थ्रेडच्या कोर्स-ग्रेन्डनेही नेमके तेवढेच दिले असते. 960 जागांपैकी पाचऐवजी दहा भरल्या, एवढेच. लांब खोळंब्याविरुद्ध थ्रेडची संख्याच कामी येते.

उलट इथे एसएमटीला एक खास दुखणे आहे. मेमरीत अडकलेला थ्रेड रिकाम्या हाताने थांबत नाही. त्याच्या पुढच्या इन्स्ट्रक्शन सामायिक रांगेत येऊन बसतात, सुटू शकत नाहीत आणि जागा अडवतात. चांगला चालणारा शेजारीही त्यामुळे गुदमरतो. टल्सन आणि जेफरी ब्राउन यांनी 2001मध्ये सुचवलेला उपाय असा की लांब खोळंबा ओळखताच त्या थ्रेडच्या अडकलेल्या इन्स्ट्रक्शन काढून टाकाव्यात आणि डेटा आल्यावर पुन्हा आणाव्यात. म्हणजे एसएमटीच्या पोटात थोडी कोर्स-ग्रेन्ड युक्ती घालायची. आयबीएमच्या 2004च्या पॉवर-5मध्ये थ्रेडवर अशी नजर ठेवणारे हार्डवेअर होते. पेंटियम-4ने सोपा मार्ग धरला. 126 इन्स्ट्रक्शनची रांग सरळ अर्धी कापून प्रत्येक थ्रेडला 63 जागा दिल्या. कोणी कोणाला गुदमरवत नाही, पण प्रत्येकाची पुढचे शोधण्याची नजर निम्म्यावर येते.

दुसरे दुखणे कॅशचे. त्या पेंटियम-4ची एल-वन डेटा कॅश होती अवघी 8 किलोबाइट, तीही दोघांत. नीट बांधलेला मॅट्रिक्स गुणाकार कॅशचा कोपरान् कोपरा हिशेबाने वापरतो आणि रकानेही जवळजवळ सगळे भरतो. त्याच्या शेजारी दुसरा तसाच थ्रेड आला की भरायला जागा नसते आणि कॅश मात्र निम्मी होते. म्हणून अशा गणिती कामांसाठी अनेक जण एसएमटी बंद ठेवतात. तिसरे दुखणे आणखी साधे आहे. लॉक सुटण्याची वाट पाहत गरगर फिरणारा थ्रेड काहीच उपयोगी काम करत नाही, पण रकाने खातो. अशा लूपमध्ये `pause` ही इन्स्ट्रक्शन टाकायची असते. इंटेलने स्कायलेकमध्ये तिचा थांबा सुमारे 10 सायकलवरून 140वर नेला, तो शेजाऱ्याला जागा मिळावी म्हणूनच.

आपल्या प्रोग्रामचा खोळंबा कोणत्या जातीचा आहे हे लिनक्सवर घरच्या घरी तपासता येते.

```
lscpu | grep Thread
cat /sys/devices/system/cpu/cpu0/topology/thread_siblings_list
```

दुसऱ्या ओळीचे उत्तर `0,4` आले, तर 0 आणि 4 हे एकाच कोअरमधले जुळे. आता प्रोग्राम आधी एकटा `taskset -c 0`ने चालवून वेळ घ्यावा. मग एक प्रत 0वर आणि दुसरी 4वर एकाच वेळी चालवावी. दोन्ही प्रती जवळपास तेवढ्याच वेळात संपल्या, तर कोअर आधी बहुतेक काळ रिकामा होता. दुप्पट वेळ लागला तर जागा आधीच भरलेल्या होत्या. दुपटीहून जास्त लागला तर दोघे कॅशसाठी भांडत आहेत. याच कारणाने एसएमटी चालू असलेल्या सर्व्हरवर ‘सीपीयू 50 टक्के’ दिसले म्हणून अर्धी ताकद शिल्लक आहे असे समजू नये. प्रत्येक जोडीतला एकेक जण कामात असेल, तर उरलेल्या निम्म्यातून कदाचित 20-30 टक्केच काम वाढेल.

रकाने वाटून घेण्याची आणखी एक किंमत 2005 पासून दिसू लागली. शेजारचा थ्रेड कॅशची कोणती जागा वापरतो हे वेळ मोजून कळते, आणि त्यावरून आरएसएची गुप्त किल्ली काढता येते, हे कॉलिन पर्सिव्हल यांनी त्या वर्षी पेंटियम-4वर दाखवले. 2018च्या ‘पोर्टस्मॅश’ हल्ल्याने तर रकान्यांतली चढाओढच मोजली. त्याच वर्षी ओपनबीएसडीने इंटेलवरचे हायपर-थ्रेडिंग डीफॉल्टनेच बंद ठेवायला सुरुवात केली.

2024मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठीच्या ‘लूनर लेक’मधून हायपर-थ्रेडिंग काढले. चार मोठे आणि चार छोटे कोअर, आणि थ्रेडही आठच. दुसऱ्या थ्रेडला वेगळा छोटा कोअर देणे विजेच्या हिशेबात परवडते, असा तो निर्णय. त्याच वर्षी त्याच कंपनीने सर्व्हरसाठी काढलेल्या झिऑन 6च्या मोठ्या चिपमध्ये मात्र 128 कोअर आणि 256 थ्रेड आहेत.